बखरींमधल्या राण्या आणि मुलं: बेरीज का जुळत नाही

प्रश्न: "शिवाजी महाराजांच्या राण्या आठ, असं लहानपणापासून ऐकत आलो. पण राज्याभिषेकाच्या इंग्रजी वृत्तांतात ‘चौथ्या बायकोशी लग्न केलं’ असं वाचलं. मुली एका यादीत सहा, दुसरीत सात. संभाजीराजांना मुलगा एक की तीन, यावरही एकमत नाही. राजाच्या घरातली एवढी साधी गोष्ट लिहिणाऱ्यांना ठाऊक नव्हती, की कुणी मुद्दाम खोटं लिहिलंय?"

थोडं खोटं आहे, बरंचसं नाही. गेली तीसेक वर्षं मी मोडी कागद वाचतोय. त्यातले निम्म्याहून अधिक वंशावळींचे, कैफियतींचे आणि वतनाच्या भांडणांचे. त्यावरून एक गोष्ट पक्की कळली आहे, ती अशी की राजाच्या बायका मोजायच्या म्हणून कुणीच लेखणी हातात घेतलेली नसते. शकावली लिहिणारा तिथी टिपत असतो. बखरकार धन्याची कीर्ती सांगत असतो. इंग्रज वकील मुंबईला आपल्या कामाचा अहवाल पाठवत असतो, आणि वतनदार आपली लेक कुठे दिली ते सांगून हक्क मागत असतो. राण्या आणि मुलं या कागदांत येतात ती वाटेत भेटल्यासारखी. आपण तीनशे वर्षांनी त्या सुट्या ओळी गोळा करतो, त्यांची बेरीज मांडतो, आणि ती जुळली नाही की लिहिणाऱ्यांवर चिडतो.

तुम्ही वाचलेल्या ‘चौथ्या बायको’पासूनच सुरुवात करू, कारण त्या एका ओळीत निम्मं उत्तर आहे.

ती ओळ हेन्री ऑक्झिंडेनची. १६७४ मध्ये इंग्रजांचा वकील म्हणून तो रायगडावर होता. ८ जूनची नोंद करताना तो लिहितो की राजाने आज चौथी बायको केली, आणि तीही काही थाटमाट न करता. राज्याभिषेक ६ जूनचा. म्हणजे सिंहासनावर बसून दोन दिवस होत नाहीत तोच, पाहुण्यांनी गजबजलेल्या गडावर, राजा गुपचूप लग्न करतो? ऑक्झिंडेनलाही ते चमत्कारिक वाटलं असावं, नाहीतर थाटमाट नव्हता हे त्याने मुद्दाम लिहिलं नसतं.

आता मराठी बाजू पाहा. महाराजांची मुंज राज्याभिषेकाआधी आठवडाभर, २९ मेला झाली. तेव्हा ते ४४ वर्षांचे होते. वैदिक राज्याभिषेक हवा तर क्षत्रियाचे संस्कार हवेत, आणि मुंजच झालेली नसेल तर आधीची लग्नं समंत्रक कशी धरायची, असा हा पेच होता. म्हणून मुंजीनंतर लगेच, ३० मेला, महाराजांचा समंत्रक विवाह झाला. नवरी नवी नव्हती. नांदत्या राणीशीच वेदमंत्रांनी पुन्हा लग्न लागलं.

हे डोक्यात ठेवून ऑक्झिंडेनची ओळ परत वाचा. त्याला मराठी येत नव्हतं. दुभाषी नारायण शेणवी. गडावर कुणीतरी म्हणालं असेल, ‘आज चौथीचं लग्न लागलं.’ आपल्या माणसाला त्यातलं ‘लागलं’ बरोबर कळतं. इंग्रजाने ‘राजाने चौथी बायको केली’ असं लिहिलं. थाटमाट नव्हता यात मग नवल उरत नाही. संसारात वीस-वीस वर्षं काढलेल्या जोडप्याची वरात कोण काढणार?

हा अर्थ मला सर्वांत सरळ वाटतो, पण तो अनुमानाचा आहे, हे सांगायला हवं. ३० मे आणि ८ जून यांत अंतर आहे. मुख्य संस्कार आधी उरकला आणि बाकीच्या राण्यांचे विधी अभिषेकानंतर सवडीने झाले, असं धरलं तरच दोन्ही तारखा बसतात. खरोखर नवी सोयरीक झाली असती तर नवं माहेर पुढे आलं असतं. त्या घराण्याने पुढच्या प्रत्येक कागदात ‘अभिषेकसमयी आमची लेक दिली’ हे वाक्य सोडलं नसतं. तसं कुठलं घराणं दिसत नाही. मराठी साधनं वाचताना असं न सापडणंही पुराव्यात धरावं लागतं. फक्त बेताने धरावं.

म्हणजे ऑक्झिंडेनचा ‘चार’ आणि आपला ‘आठ’ एकमेकांना खोटे पाडत नाहीत. त्याचा आकडा एका विधीतला क्रम आहे. आपला आकडा आयुष्यभराचा आहे. आठांपैकी सईबाई १६५९ मध्येच वारल्या होत्या. काशीबाई अभिषेकाआधी जेमतेम अडीच महिने, मार्च १६७४ मध्ये गेल्या. तेव्हा त्या जूनमध्ये गडावर जास्तीत जास्त सहा राण्या असणार. एखाद्याने त्या महिन्यात नीट मोजणी केली असती तरी त्याच्याकडून आठ हा आकडा आला नसता, आणि तरीही तो खरंच बोलत असता.

वंशावळींत मात्र आणखी एक ‘चार’ भेटतो, आणि तो ऑक्झिंडेनच्या चाराशी जुळतो म्हणून लोक टाळ्या पिटतात. तसं करू नका. परंपरेची यादी माहेरांसकट अशी आहे: सईबाई निंबाळकर, सोयराबाई मोहिते, पुतळाबाई पालकर, सकवारबाई गायकवाड, सगुणाबाई शिर्के, काशीबाई जाधव, लक्ष्मीबाई विचारे आणि गुणवंताबाई इंगळे. यांतल्या मुलंबाळं असलेल्या चौघी: सईबाई, सोयराबाई, सगुणाबाई, सकवारबाई. वंशावळ हा कागद वंश दाखवायला असतो. ज्या बाईपासून फांदी फुटत नाही तिला झाडावर जागा नसते. त्यामुळे वंशावळीवरून यादी करणाऱ्याला चारच राण्या सापडतात. हा चार निराळा, ऑक्झिंडेनचा निराळा. आकडा एकच, पण त्यांची आपसात ओळखसुद्धा नाही.

मूल नसलेल्या राण्यांपैकी कोण लक्षात राहिलं हेही बघण्यासारखं आहे. पुतळाबाई राहिल्या, कारण महाराजांच्या मागे जून १६८० मध्ये त्या सती गेल्या. काशीबाईंच्या मृत्यूची नोंद राहिली. लक्ष्मीबाई आणि गुणवंताबाई यांचं नाव आणि माहेर यापलीकडे फारसं काही हाती लागत नाही. शकावलीत लग्न, जन्म, मृत्यू, सती असे प्रसंग येतात. नुसतं जगणं येत नाही. जी बाई चाळीस वर्षं राजवाड्यात शांतपणे राहिली, ती कागदातून पहिली गळते. कुणी ‘सात राण्या’ किंवा ‘सहा राण्या’ म्हणाला की मी आधी गळलेल्या नावांत या दोघी आहेत का ते पाहतो. बहुतेक वेळा असतात. (रायगडावर मेणा दरवाज्यातून आत गेलं की महालांची जोती ओळीने दिसतात, आणि ती मोजून राण्या ठरवणारेही भेटतात. खोल्या मोजून बायका ठरवायच्या तर माझ्या आजोबांच्या वाड्याने मोठाच घोटाळा केला असता.)

आकडा कमी होण्याची कारणं ही. वाढण्याची कारणं वेगळी, आणि ती आपल्या नावांच्या रिवाजात आहेत.

आपल्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतं. ताटात तांदूळ पसरून त्यावर नवं नाव लिहितात, हे अजूनही घरोघरी चालतं. म्हणजे एका बाईला माहेरचं एक नाव आणि सासरचं दुसरं. त्यावर घरातलं हाक मारायचं तिसरं: ताई, अक्का, नानी. शिवाय कागदात पुष्कळदा नावच नसतं, नुसतं ‘मोहिते यांची कन्या’ एवढंच. चार कागदांत एकच बाई चार तऱ्हांनी येते. नक्कल करणाऱ्याला शंका आली की तो एखादं नाव गाळत नाही, जास्तीचं लिहून ठेवतो. राजघराण्यातलं माणूस गाळल्याचं पाप कोण घेणार?

याची माझी पहिली अद्दल सांगतो. एका देशमुख घराण्याच्या वंशावळीत मूळ पुरुषाला तीन बायका होत्या. त्याच घराण्याच्या जुन्या कैफियतीत दोन. मी उत्साहाने टिपण लिहिलं की तिसरीला भाऊबंदकीत मुद्दाम दडपलं आहे. दोन वर्षांनी त्याच बाईच्या माहेरचा एक तंट्याचा कागद हाती आला. त्यात ‘इकडील नाव अमुक, सासरी तमुक’ असं सरळ लिहिलेलं. दुसरी आणि तिसरी एकच होती. माझं टिपण तोवर छापून झालं होतं.

महाराजांच्या मुलींच्या बाबतीत हे घडताना स्पष्ट दिसतं. पिलाजी शिर्क्यांच्या घरात, गणोजी शिर्क्यांना दिलेल्या मुलीचं नाव राजकुंवरबाई. तिलाच नानीबाई म्हणतात. सोयराबाईंची मुलगी कुठे बाळीबाई आहे, कुठे दीपाबाई. दोन्हीकडे नावं जोडून आली असतील तर वाचणारा सावध होतो. पण एका हस्तलिखितात एक आणि दुसऱ्यात दुसरं असेल, आणि तिसरा लेखक दोन्ही समोर ठेवून ‘सर्वसमावेशक’ यादी करत असेल, तर मुलगी एकीची दोन होणारच. अशी जुळवून केलेली यादी सगळ्यांत भरगच्च असते, आणि सगळ्यांत कमी भरवशाचीसुद्धा.

उलटा गोंधळही होतो, म्हणजे एकच नाव आणि बायका अनेक. अंबिकाबाई घ्या. महाराजांची मुलगी अंबिकाबाई, हरजीराजे महाडिकांना दिलेली. राजाराम महाराजांची एक राणी अंबिकाबाई. शाहू महाराजांच्या राण्यांतही अंबिकाबाई. सकवारबाई आणि सगुणाबाई ही नावं तर आणखी वाईट. थोरल्या महाराजांच्या दोन राण्यांची ही नावं, आणि नातवाच्या, म्हणजे शाहू महाराजांच्या, दोन राण्यांचीही हीच. त्यातही माहेरांची अदलाबदल अशी की डोकं फिरावं. आजोबांची सगुणाबाई शिर्क्यांची, तर नातवाची सकवारबाई शिर्क्यांची. ‘सकवारबाई सती गेल्या’ अशी ओळ संदर्भ सोडून उचलली, तर ती १७४९ मधल्या शाहूपत्नीची आहे हे न कळता थोरल्या महाराजांच्या राणीला चिकटते. या घरात शिवाजी, संभाजी, राजाराम ही नावंही फिरून फिरून येतात. म्हणून मी नावावरून माणूस कधीच ओळखत नाही. नाव, माहेर आणि तारीख या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच एकच व्यक्ती धरतो. दोनच जुळल्या तर पेन्सिलीने लिहितो.

आता मुलं. इथे आधी ठरवावं लागतं की मूल मोजायचं कधीपासून. कवींद्र परमानंदांचं शिवभारत महाराजांच्या हयातीतलं. त्यात जिजाऊसाहेबांना सहा पुत्र झाले आणि त्यांतले संभाजी व शिवाजी हे दोनच वंश चालवायला राहिले, असं येतं. बाकी जवळजवळ सगळीकडे तुम्हाला दोनच मुलगे भेटतील. दोन म्हणणारा कुणी चार मुलं लपवत नाही. तान्हेपणी गेलेलं मूल आईच्या मोजणीत असतं, दरबाराच्या मोजणीत नसतं. परमानंद दरबारी कवीच, पण तो माता-पित्यांचं चरित्र काव्यात गात होता, म्हणून त्याच्या हातून आईची मोजणी टिकली, असं मला वाटतं.

मुली मोजल्या जातात त्या जावयांच्या अंगाने. सईबाईंच्या तिघी सखुबाई, राणूबाई आणि अंबिकाबाई. सोयराबाईंची एक, सगुणाबाईंची राजकुंवर, सकवारबाईंची कमळजा. मिळून सहा. या सहाजणींबद्दलची माहिती सारखी नाही. सखुबाई फलटणला बजाजी निंबाळकरांच्या मुलाला, महादजींना दिल्या, आणि त्या सोयरिकीच्या निमित्ताने वाल्ह्याच्या पाटिलकीचा कागद झाला. राजकुंवरबाईंचं नाव शिर्क्यांच्या दाभोळच्या देशमुखीच्या मागणीत गुंतलं. जिथे वतन तिथे कागद, आणि जिथे कागद तिथे लेक. ज्या जावयाच्या घराला पुढे भांडायला वतन उरलं नाही, त्या मुलीचं नाव धूसर होत गेलं. सखुबाईंबद्दल आपल्याला बहिणींपेक्षा जास्त ठाऊक आहे, याचं कारण वाल्ह्यात आहे, रायगडावर नाही.

संभाजीराजांच्या मुलांचा तुमचा प्रश्न मात्र वेगळ्या जातीचा आहे. तिथे मोजणीची चूक नाही, व्याख्या वेगळी आहे. मराठी परंपरा म्हणते, येसूबाईंना मुलगा एकच, शाहू, आणि मुलगी भवानीबाई. १६८९ मध्ये रायगड पडला, राजकुटुंब मोगलांच्या छावणीत गेलं. औरंगजेबाच्या कारकिर्दीचा फारसी इतिहास, मआसिर-इ-आलमगिरी, शाहूला सात हजारी मनसब दिल्याचं सांगतो, आणि त्याच्या भावांची नावंही देतो: मदनसिंग आणि अधूसिंग. एकाचे तीन इथून झाले.

फारसी लेखकाने हवेतून भाऊ काढले का? नाही. मदनसिंग मराठी कागदांतही आहे. १७०७ मध्ये शाहू सुटून आले तेव्हा येसूबाईंबरोबर मदनसिंग मागे ओलीस राहिला, आणि १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सगळ्यांना घेऊन आले तेव्हा तोही परतला. म्हणजे माणूस खरा. पण मराठी परंपरा त्याला दासीपुत्र धरते, आपल्या जुन्या शब्दात लेकावळा. लेकावळ्याला घरात जागा असे, पोटगी असे, कधी हातात तलवार आणि मुलूखही असे. गादीवर हक्क नसे. म्हणून गादीचा वंश लिहिणारा त्याला मोजत नाही. मोगल दप्तराला गादीच्या शास्त्राशी देणंघेणं नव्हतं. कैदेत राजाचे मुलगे किती आणि कुणाला काय मनसब, एवढाच त्याचा सवाल होता. शिवाय वैऱ्याच्या घरातले तीन राजपुत्र आपल्या पदरी आहेत, हे लिहिणं एकापेक्षा भारदस्त दिसतं, हेही खरं.

लेकावळा मोजायचा की नाही, हे तुम्ही ठरवा, पण एकदा ठरवलं की सगळीकडे तेच लावा. लोक काय करतात, तर महाराजांच्या बाबतीत फक्त लग्नाच्या राण्यांची मुलं धरतात आणि संभाजीराजांच्या बाबतीत मदनसिंगाला आत घेतात. मग बाप आणि मुलगा यांचे आकडे शेजारी ठेवून काहीबाही निष्कर्ष काढतात. पदरी ठेवलेल्या नाटकशाळा आणि दासी यांचा प्रश्नही असाच. फारसी आणि युरोपीय लेखक जनानखान्यातल्या सगळ्या बायकांना एकाच शब्दात गुंडाळतात. त्या शब्दाचं भाषांतर ‘राण्या’ असं झालं की आकडा फुगलाच.

आता मुद्दाम खोटं. तेही असतं, आणि त्याचा सर्वांत उघडा दाखला याच घराण्यात आहे.

१७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज वारले. गादीला मुलगा नव्हता. त्याआधी ताराबाईंनी सांगितलं होतं की आपल्या मुलाचा, दुसऱ्या शिवाजीचा, मुलगा लपवून वाढवलेला आहे. तो रामराजा. त्याला साताऱ्यास आणून १७५० च्या जानेवारीत गादीवर बसवलं. वर्ष सरायच्या आत तो ताराबाईंच्या सांगण्यात राहीना, तेव्हा त्यांनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकलं आणि जाहीर केलं की हा आपला नातू नव्हेच. १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर त्यांनी तशी शपथ घेतली.

आता सांगा, ताराबाईंना नातू किती? एक की शून्य? साक्षीदार घरातलीच, स्वतः आजी, आणि तिचेच दोन जबाब. १७४९ चा कागद वाचणाऱ्याने एक लिहिला, १७५२ चा वाचणाऱ्याने शून्य. दोघांकडेही अस्सल आधार आहे. पुढे रामराजा १७७७ पर्यंत छत्रपती राहिला आणि सातारची गादी त्याच्या दत्तकाने पुढे चालली. तेव्हा साताऱ्याच्या आश्रयाने लिहिणारा बखरकार नातू खरा असंच लिहिणार, त्याच्या धन्याचा हक्कच त्यावर उभा आहे. कोल्हापूरकडे कलणाऱ्याला नातू खोटा असलेला बरा. कारण तो खरा नसेल तर राजारामांच्या आणखी एका राणीचा, राजसबाईंचा, कोल्हापूरचा वंश तेवढा उरतो. मल्हार रामराव चिटणीसांसारखा जाणता लेखकसुद्धा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी साताऱ्यात बसून लिहितो, हे वाचताना विसरून चालत नाही. त्याच्या घरात अस्सल कागद होते. आणि त्याच घरात छत्रपतींची चाकरीही होती.

यावरून मी एक चाळणी लावतो. आकडा बदलल्याने कुणाचा हक्क बदलत असेल तर मी हेतू शोधतो. बदलत नसेल तर शोधत नाही. गुणवंताबाईंचं नाव गाळून कुणालाही एक बिघा जमीन मिळणार नव्हती. तिथे कट शोधणं म्हणजे नुसता वेळ घालवणं. रामराजाच्या बाबतीत मात्र पूर्ण राज्य पणाला लागलेलं होतं.

स्वतः जुळवून पाहायचं असेल तर मी करतो तसं करा. आधी याद्यांची बेरीज करू नका. प्रत्येक बाईसाठी एक वेगळा कागद घ्या. वर नाव लिहू नका, माहेर लिहा, कारण माहेर बदलत नाही. त्याखाली ती ज्या ज्या नावाने येते ती नावं, मग तिचा पहिला तारखेचा उल्लेख आणि शेवटचा, मग मुलं. प्रत्येक ओळीपुढे ती कुठल्या साधनातली आणि ते साधन घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलेलं, हे टाका. सभासदाने बखर लिहिली तेव्हा महाराजांना जाऊन सतराएक वर्षं झाली होती, लिहिणारा महाराजांच्या पदरचा होता, आणि लिहायला सांगणारे राजाराम महाराज. तो सोयराबाईंच्या मुलासाठी लिहितोय, हे त्याच कागदावर नोंदवा. चिटणिसांची बखर शंभराहून अधिक वर्षांनंतरची. जेधे शकावलीसारखी टिपणं कोरडी, पण त्यांना कुणाची बाजू घ्यायची नसते, म्हणून मृत्यूच्या तारखांसाठी मी आधी तिकडे जातो.

असे कागद पसरले की महाराजांच्या आठही राण्यांना माहेर मिळतं. तारखेने पक्क्या बांधता येणाऱ्या त्यांतल्या काहीच: सईबाई आणि काशीबाई मृत्यूने, पुतळाबाई सहगमनाने, सोयराबाई राज्याभिषेकातल्या पट्टराणीपदाने आणि ऑक्टोबर १६८१ मधल्या मृत्यूने. बाकीच्यांचं वजन परंपरेवर आणि माहेरच्या घराण्यांवर आहे. मला ते पुरेसं वाटतं. आठ हा आकडा मी वापरतो, पण आठांपैकी प्रत्येकीचा आधार सारखा आहे असं म्हणत नाही. मुलगे दोन, मुली सहा, हेही तसंच.

तुमच्या सात मुलींच्या यादीबद्दल यादी न बघता पक्कं सांगता येणार नाही. पण घरी असेल तर उघडून एवढंच पाहा: दीपाबाई आणि बाळीबाई तिथे दोन वेगळ्या ओळींत आहेत का? नसतील, तर राजकुंवरबाई आणि नानीबाई आहेत का? या दोन्ही जोड्या नसतील, तर सातवीचं नाव आणि तिला कुठल्या घरात दिली ते मला लिहून कळवा. सासरचं घराणं कळलं की पुढचं शोधता येतं.